चमचमणारे कापड : टोचते का, काळवंडते का आणि धुवायचे कसे?
(रौप्यमहोत्सवी व्याख्यानमालेत महिला मंडळाच्या विनंतीवरून केलेले भाषण)



बँकेतून रिटायर झालेल्या माणसाने ठेवी, व्याजदर किंवा फार तर मृत्युपत्र यावर बोलावे अशी अपेक्षा असते. पण महिला मंडळाने मला विषय दिला आहे तो पार्टीवेअरच्या चमचमत्या कापडाचा. त्यामागे कारण आहे. मी मूळचा केमिस्ट्रीचा बी.एस्सी., आणि नोकरीतली बरीच वर्षे इचलकरंजीला काढलेली. यंत्रमागवाल्यांना कर्ज दिले की दर महिन्याला त्यांचे स्टॉक स्टेटमेंट येते आणि गोदामात जाऊन तो माल प्रत्यक्ष मोजावा लागतो. सुताच्या गोण्या, बीम, कापडाचे तागे मोजता मोजता कापड थोडेफार कळायला लागते. 1904 साली विठ्ठलराव दातारांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग बसवला. मी तिथे गेलो तेव्हा त्याला कितीतरी दशके उलटली होती आणि गाव धोतर-पॉपलीनवरून फॅन्सी मालाकडे सरकत होते. त्या फॅन्सी मालात सुरतेहून आलेल्या सोनेरी-रुपेरी जरीच्या रिळांचे खोके असायचे. स्टेटमेंटमध्ये नुसते 'जर' असे लिहिलेले. पहिल्यांदा वाचले तेव्हा मला वाटले, एवढी चांदी यांच्याकडे आली कुठून!

ती चांदी नव्हती हे रीळ हातात घेतल्यावर कळले. आजचे बोलणे त्याच रिळाबद्दल आहे.

आपल्या आजीच्या शालूत जी जर असायची ती अशी : चांदीची तार ओढून ओढून केसासारखी करायची, मग चपटी करायची. त्या चपट्या तारेला बादला म्हणतात. तो रेशमाच्या किंवा सुताच्या दोऱ्यावर गुंडाळायचा आणि वर सोन्याचा मुलामा द्यायचा. हा झाला कलाबूत. पुढे चांदीच्या जागी तांब्याची तार आली, तिच्यावर चांदीचा पातळ थर. ती नकली जर. आणि तिसरी ती प्लास्टिकची, म्हणजे मेटॅलिक यार्न. तिलाच आपण लुरेक्स म्हणतो. खरे तर लुरेक्स हे ब्रँडचे नाव, पण डालडा किंवा झेरॉक्ससारखे ते सगळ्यांनाच चिकटले. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहरातल्या डोबेकमन नावाच्या कंपनीने 1946 च्या सुमारास ते बाजारात आणले. सुरुवातीला प्लास्टिकच्या दोन पापुद्र्यांमध्ये ॲल्युमिनियमची फॉईल चिकटवून तिच्या बारीक पट्ट्या कापत. आता फॉईलसुद्धा नसते. पॉलिस्टरचा पापुद्रा घेतात, साधारण 12 मायक्रॉन जाडीचा, आणि निर्वात पेटीत ॲल्युमिनियमची वाफ करून ती त्याच्यावर बसवतात. आपल्या स्वयंपाकघरात पोळ्या गुंडाळायची जी फॉईल असते, तिच्या तुलनेत हा थर शेकडो पटींनी पातळ असतो. पापुद्र्याची बाकीची सगळी जाडी प्लास्टिकची.

मग सोनेरी रंग येतो कुठून? ॲल्युमिनियम तर पांढरे. तर वरून पिवळ्या रंगाचे लॅकर चढवतात. पिवळ्या काचेतून आरसा बघितल्यासारखे ते सोनेरी दिसते. लाल लॅकर दिले की तांबूस, निळे दिले की मोरपंखी. चांगल्या मालात ॲल्युमिनियमच्या दोन्ही बाजूंना पापुद्रा असतो, सँडविचसारखा. हलक्या मालात एकाच बाजूला पापुद्रा आणि दुसऱ्या बाजूला फक्त लॅकर. एवढे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

हा मोठा रोल मग ब्लेडांच्या यंत्रातून जातो आणि त्याच्या पट्ट्या होतात. व्यापारी लोक 'वन बाय हंड्रेड' म्हणतात, म्हणजे इंचाचा शंभरावा भाग, पाव मिलिमीटर. 'वन बाय सिक्स्टीनाइन' थोडी रुंद. म्हणजे ज्याला आपण जरीचा धागा म्हणतो तो मुळात धागाच नाही. ती कापलेली फीत आहे. आणि कापलेली फीत म्हटले की तिला दोन कडा आल्या. टोचणे काय, चमक जाणे काय, धुताना होणारे नुकसान काय, आपल्या बायकांच्या बहुतेक तक्रारी या कडांपाशी सुरू होतात.

आधी टोचण्याचे बघू. सुताचा तंतू बारीक आणि लवचीक असतो. कातडीवर दाबला तर वाकतो. लोकरीचा तंतू साधारण 30 मायक्रॉनपेक्षा जाड झाला की त्याचे टोक वाकण्याआधी कातडीत रुतते आणि खाज सुटते. घोंगडे टोचते आणि भारी शाल टोचत नाही, ते यामुळे. आता ही आपली फीत 250 मायक्रॉन रुंद. चपट्या बाजूने ती सहज वाकते, पण कडेच्या दिशेने अजिबात वाकत नाही. नव्या वहीचा कागद मऊ असतो तरी त्याची कड बोट कापते ना, तसेच. त्यातून पॉलिस्टर घाम शोषत नाही. ओल्या कातडीवर ती कड घासत राहते. मांडव गच्च भरलेला, वरून हॅलोजनचे दिवे, अंगात लुरेक्सचा गाऊन. मग मूल रडणार नाही तर काय करणार?

गेल्या वर्षी गणपतीत आपल्या मुलींचा नाच बसवला होता, तेव्हा हेच झाले. आठ मुलींचे सोनेरी पोलके आणि घेर. कापड गांधीनगरच्या मार्केटमधून आणले होते, दिसायला झकास. रंगीत तालमीनंतर एका मुलीच्या गळ्याभोवती आणि दोन्ही काखेत लालभडक रेघा उठल्या. आईला वाटले ॲलर्जी. दुसऱ्या दिवशी दुसरीला तसेच. आमच्या सौ. म्हणाल्या, "तुम्ही केमिस्ट्रीवाले ना? मग बघा जरा काय आहे ते." म्हणून मी एक पोलके उलटे करून भिंग घेऊन बसलो.

रेघा उठल्या होत्या त्या बरोबर शिवणीच्या जागी. कापडाच्या मध्यभागी जिथे फीत विणीत दोन्ही बाजूंनी धरलेली होती, तिथे मुलींना काही झाले नव्हते. शिवणीला मात्र शिंप्याने कापड कापले की प्रत्येक फितीचे टोक मोकळे होते. पाव इंचाची माया सोडून वर नुसते ओव्हरलॉक मारलेले. ओव्हरलॉकचा दोरा सुताला आवळून धरतो, पण या गुळगुळीत फितीला धरू शकत नाही. ती टोके दोऱ्यातून बाहेर येऊन ब्रशच्या केसांसारखी उभी होती. गळ्याला आणि काखेला ती थेट कातडीवर. कापडाच्या उलट्या बाजूला आणखी एक भानगड होती. बुट्टीपासून बुट्टीपर्यंत फीत मागून सुटी जाते, ते सुटे धागे कारखान्यात कापून टाकलेले होते. म्हणजे प्रत्येक बुट्टीच्या मागे दोन-दोन टोके.

उपाय शिंपीकामातलाच होता. पोलक्याला आतून मलमलचे पूर्ण अस्तर लावले. अस्तर नुसते मधे लावून उपयोग नसतो. कापडाची माया अस्तर आणि कापड यांच्या मधे बंद झाली पाहिजे, म्हणजे टोके आतल्या आत राहतात. गळ्याला आणि हाताच्या घेराला उरेबी सुती पट्टीची पायपिन घेतली. मलमल आधी धुऊन, आटवून घेतली, नाहीतर पहिल्या धुण्यात ती आटते आणि वरचे कापड फुगते, कारण पॉलिस्टरची फीत आटत नाही. ती मुलगी पुढे तीन कार्यक्रम नाचली, काही झाले नाही.

सगळेच मेटॅलिक यार्न सारखे टोचत नाही, हेही सांगतो. नुसती उघडी फीत सगळ्यात जास्त टोचते. दुसऱ्या प्रकारात फितीभोवती दोन बारीक नायलॉनचे दोरे उलटसुलट गुंडाळतात. त्याने ताकद वाढते आणि कड थोडी झाकते. तिसऱ्या प्रकारात उलटे असते, आत दोरा आणि त्याच्यावर फीत स्प्रिंगसारखी गुंडाळलेली, जुन्या कलाबुतासारखी. तो सगळ्यात मऊ लागतो. दुकानात कापडाच्या तुकड्याच्या टोकातून एक चमकता धागा उपसून नखांनी उलगडून बघा. लगेच कळते कुठला प्रकार आहे. आणि कापड हाताच्या पंजावर घासून बघू नका. तळहाताची कातडी राठ असते, तिला काही कळत नाही. मनगटाच्या आतल्या बाजूला घासा.

जाता जाता मागावरची एक गंमत. ही चपटी फीत रिळावरून सुताच्या कोनसारखी टोकाकडून ओढून घेतली तर प्रत्येक वेढ्याला एक पीळ पडतो. मग कापडात ती कुठे चपटी, कुठे कडेवर उभी राहते आणि चमक तुटक दिसते. म्हणून रीळ आडवे ठेवून ते फिरवत फीत सोडवावी लागते. ठिपक्याठिपक्याने चमकणारे, हाताला खरखरीत लागणारे स्वस्त कापड दिसले की समजा, मागावर कुणीतरी घाई केली आहे.

आता काळे पडण्याचा प्रश्न. "माझी जर काळी पडली" असे सगळ्याजणी म्हणतात, पण प्रत्येकीचे कारण वेगळे असते. चांदीची जर काळी पडते ती हवेतल्या गंधकाच्या संयुगांमुळे, चांदीचे ताट काळे पडते तशीच. रबरबँडमध्ये गंधक असते, लोकरीत असते. म्हणून पैठणीच्या घडीला रबर लावायचे नाही आणि स्वेटरच्या घडीत ती ठेवायची नाही. तांब्याची नकली जर आधी लालसर होते, मग काळी, आणि घामाच्या जागी हिरवट. देवघरातल्या तांब्याच्या पळीवर चढतो तोच हिरवा थर. लुरेक्समधले ॲल्युमिनियम मात्र असे काळे होत नाही. ते विरघळून जाते. तिथे उरते नुसते प्लास्टिक, पारदर्शक किंवा पिवळट. लोकांना वाटते रंग उडाला. खरे तर त्या पिवळ्या काचेमागचा आरसाच गेलेला असतो.

ॲल्युमिनियमचे दोन शत्रू. एक खारट ओलावा, म्हणजे घाम. दुसरा सोडा. ॲल्युमिनियमच्या पातेल्यात सोडा उकळला तर पातेले खराब होते हे आपल्या आई-आजीला माहीत होते. पातेले जाड असते म्हणून टिकते. इथे थरच इतका पातळ की टिकणार काय? सँडविच मालात वरून-खालून प्लास्टिक असते, पण कडेला थर उघडाच राहतो, कारण तिथे ब्लेडने कापलेले असते. पाणी शिरते ते तिथून. पावाच्या सँडविचची चटणी कडेनेच आधी वाळते ना? आणि हलक्या मालात एका बाजूला फक्त लॅकर असल्याने तिकडूनही शिरते.

हे नुसते पुस्तकातले सांगत नाही. त्या आठ पोशाखांपैकी एक पोशाख एका घरी वॉशिंग मशीनमध्ये पावडर टाकून गरम पाण्यात धुतला गेला. कुणाच्या घरी ते विचारू नका, ते घर आत्ता टाळ्या वाजवते आहे. पोशाख बाहेर आला तो फिक्या पिवळ्या पडद्यासारखा. मग मी उरलेल्या कापडाचे रुमालाएवढे तुकडे करून गच्चीवर प्रयोग केले.

पहिला तुकडा साध्या गार पाण्यात रात्रभर. काही फरक नाही. दुसरा रिठ्याच्या पाण्यात अर्धा तास, हळूच चेपून धुतला. फरक नाही. तिसरा गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून त्यात ठेवला. सकाळी भिंगातून बघितले तर प्रत्येक फितीच्या दोन्ही कडांना पारदर्शक रेघ आणि मधे चमक शिल्लक. अंगण दोन्हीकडून झाडत यावे तशी ती चमक दोन्ही कडांनी आत सरकत गेली होती. पुन्हा ताज्या सोड्यात ठेवला तेव्हा मधलीही गेली. चौथ्या तुकड्यावर अत्तर नव्हे, आजकालचा फवाऱ्याचा परफ्यूम मारला आणि कापसाने पुसले. कापसावर पिवळा डाग. म्हणजे परफ्यूममधल्या अल्कोहोलने लॅकरचा रंग उतरवला, आणि सोन्याचे तिथे रुपे झाले! पाचव्यावर सुती कपड्याची कडक इस्त्री ठेवली. फीत जागच्या जागी आकसली, कापडाला सुरकुत्या पडल्या आणि हाताला ती जागा काट्यासारखी लागू लागली. पॉलिस्टर वितळते 250-260 अंशांच्या आसपास, पण त्याच्या बरेच आधी ते मऊ होऊन आकसते. सुती कपड्यासाठी इस्त्री 200 अंशांपर्यंत तापते. या कापडाला एका टिंबाची, म्हणजे 110 अंशांची इस्त्री, तीही उलट्या बाजूने, मधे सुती फडके घालून आणि वाफ न मारता.

सहावा तुकडा मी धुतलाच नाही, फक्त पिळला. धुणे पिळतो तसा जोरात, चार वेळा. उलगडला तर मोडीच्या रेषांवर पांढुरके ओरखडे. प्लास्टिक वाकते, पण त्याच्यावरचा धातूचा आणि लॅकरचा थर मोडीवर तडकतो. मशीनचा स्पिन हेच करतो, फक्त वेगाने. आणि पुढच्या धुण्याला त्या तडीतून पाणी आत शिरते.

यावरून धुण्याची पद्धत आपोआप ठरते. गार पाणी, रिठा किंवा लोकरीच्या कपड्यांसाठी मिळते ते सौम्य लिक्विड. कपडा उलटा करायचा, पाच मिनिटे नुसता पाण्यात वर-खाली करायचा. ब्रश नाही, बडवणे नाही, भिजत घालणे नाही. क्लोरीनचे ब्लीच तर अजिबात नाही, तेही अल्कलीच आहे. पिळण्याऐवजी टॉवेलवर पसरून, गुंडाळून दाबायचा आणि सावलीत आडवा वाळवायचा. चिमटा लावला तर तिथे मोड पडते. खरे सांगायचे तर प्रत्येक वेळी धुवायचीच गरज नसते. अस्तर असेल तर घाम अस्तरात राहतो. समारंभाहून आल्यावर कपडा उलटा करून रात्रभर पंख्याखाली टाका. काखेला सुती तुकडा टाके घालून लावा आणि तेवढाच काढून धुवा. काखेत चमक सगळ्यात आधी जाते, कारण घाम ताजा असताना किंचित आम्ल असतो, पण अंगावर राहिला की जंतूंमुळे अल्कलीकडे झुकतो, आणि मीठ तर त्यात असतेच.

"ड्रायक्लीनला देऊ का?" असे विचारतात. लेबलवर तसे लिहिले असेल तर द्या, पण ड्रायक्लीनचे द्रावण पाण्याचे नसले तरी ते द्रावणच आहे. काही लॅकर आणि सँडविचमधले काही चिकटपदार्थ त्यात टिकतात, काही टिकत नाहीत. बाहेरून बघून ते सांगता येत नाही. मायेचा किंवा ब्लाऊजपीसचा उरलेला तुकडा आधी दुकानदाराकडे द्या आणि त्याच्यावर करून बघायला सांगा. तुकडाच नसेल तर आतल्या शिवणीवर. याला तो नाही म्हणाला तर कपडा परत घेऊन या.

ठेवण्याबाबत आपल्या कोल्हापूरचा पावसाळा ध्यानात घ्या. जून ते सप्टेंबर कपाटातली हवा दमट. प्लास्टिकच्या पिशवीत कपडा बंद केला की आतला ओलावा आतच राहतो आणि कडेकडेने काम करत बसतो. जुन्या धोतराच्या किंवा मलमलच्या फडक्यात गुंडाळा. घडीपेक्षा गुंडाळी बरी. घडीच घालायची असेल तर दर दोन-तीन महिन्यांनी मोड बदला, म्हणजे एकाच रेषेवर थर तडकणार नाही. डांबरगोळी कापडाला चिकटून ठेवू नका, ठेवायचीच तर पुरचुंडीत बांधून वरच्या कोपऱ्यात.

शेवटी दोन प्रश्न चिठ्ठीवर आले आहेत. एक, चमक गेलेले लुरेक्स परत चमकवता येते का? नाही. चांदीची जर जाणकाराकडून साफ करून घेता येते, कारण काळ्या थराखाली चांदी शिल्लक असते. इथे खाली काहीच शिल्लक नसते. तो भाग काढून दुसरी लेस लावणे हाच मार्ग.

दुसरा प्रश्न, घरातली जुनी जरीची साडी खरी आहे की नाही हे कसे ओळखायचे? पदराच्या आतल्या टोकाचा एक-दीड इंचाचा धागा घ्या, चिमट्यात धरा आणि घराबाहेर, ताटलीवर, काडीने पेटवा. लुरेक्स असेल तर आकसून काळी कडक गोळी होते. जरीचा कलाबूत असेल तर आतला रेशमाचा किंवा सुताचा दोरा जळून जातो आणि तारेची पोकळ स्प्रिंग शिल्लक राहते. ती चांदीची की तांब्याची, हे सराफ कसोटीच्या दगडावर घासून सांगतो. घासल्यावर लाल दिसले तर तांबे. बँकेत सोनेतारणाच्या वेळी आमचा व्हॅल्युअर हेच करायचा. दारावर 'जुनी जरीची साडी' म्हणत येणारा माणूस आला तर त्याच्या हातात साडी देण्याआधी ही तपासणी आपली आपण करून ठेवा. त्याला तर साडी हातात घेताच कळते.

सौ. तिकडून घड्याळ दाखवत आहेत. ज्यांनी घरून तुकडे आणले आहेत त्यांनी ते टेबलावर द्यावेत, भिंग माझ्याकडे आहे.